टेबलक्लॉथ नेमका किती मोठा?

‘सिक्स सीटर’ एवढ्याच लेबलवर विश्वासून टेबलक्लॉथ घेतला, की तो बहुधा एका बाजूला आखूड आणि दुसऱ्या बाजूला मांडीवर येतो. त्यामुळे आधी टेप घेऊन टेबल मोजावे.

जेवणाचे टेबल साधारण 30 इंच उंच असते आणि खुर्चीची बैठक 18 इंचांवर. म्हणजे कापड 12 इंचांहून जास्त लोंबले, तर ते बसणाऱ्याच्या मांडीवर लोळते. रोजच्या वापराला 8 ते 10 इंच पुरतात.

हिशेब सोपा आहे. कापड दोन्ही बाजूंनी लोंबते, म्हणून लोंब दुप्पट करून मापात मिळवायची. टेबल 60 बाय 36 इंच आणि लोंब 9 इंच असेल, तर कापड 78 बाय 54 हवे. त्यावर तयार मिळणारे 90 बाय 60 अंथरले, तर लांबीकडे 15 आणि रुंदीकडे 12 इंच लोंबेल.

गोल टेबलाला व्यास मोजायचा. 48 इंची टेबलावर 68 इंची गोल कापड सगळीकडे 10 इंच उतरते. त्याच टेबलावर 60 इंची चौकोनी कापड मात्र बाजूंच्या मध्याशी 6 इंच, तर कोपऱ्यांत 18 इंचांहून जास्त लोंबते. चारही कोपरे खुर्च्यांच्या मधे येतील असे ते फिरवून घातले, तर अडचण होत नाही.

शिवून घेताना सुती कापड आधी धुवावे. नंतर आटले, तर लोंब कमी होते. दुमडपट्टीसाठी प्रत्येक कडेला इंचभर जास्त ठेवावे.