पगारवाढीचं पत्र : कामगाराला आकडे कळतील असं कसं लिहाल?

व्हिडिओमध्ये पगाराचं पत्र कसं मांडायचं ते पाहिलं. कागदावर उतरवताना नेमकं काय लिहायचं, ते आज एका उदाहरणातून बघू.

समजा, तुमच्या छोट्या कारखान्यात पीएफ आणि ईएसआय दोन्ही लागू आहेत. एप्रिल 2024 मध्ये तुम्ही एका मशीन ऑपरेटरचा पगार 17,000 वरून 19,000 केला. पत्रात एकच ओळ लिहिली, “आपला पगार दरमहा 2,000 रुपयांनी वाढवण्यात येत आहे.” मे महिन्यात पगार खात्यात आला आणि तो तुमच्या टेबलासमोर उभा, “साहेब, वाढ 2,000 ची म्हणालात, खात्यात 1,865 च जास्त आलेत.” हिशोब तुमचा बरोबर असतो, पण पत्रात तो दिसत नाही. मग संशय येतोच.

यावर उपाय म्हणजे जुना आणि नवा पगार शेजारी-शेजारी मांडणं.

| घटक (दरमहा रु.) | जुना | नवा | फरक |
|---|---|---|---|
| मूळ पगार व महागाई भत्ता | 14,000 | 15,000 | 1,000 |
| घरभाडे भत्ता | 3,000 | 4,000 | 1,000 |
| एकूण पगार | 17,000 | 19,000 | 2,000 |
| पीएफ कपात | 1,680 | 1,800 | 120 |
| ईएसआय कपात | 128 | 143 | 15 |
| व्यवसाय कर | 200 | 200 | 0 |
| हातात येणारा पगार | 14,992 | 16,857 | 1,865 |

आता बघा, 2,000 मधले 135 कुठे गेले ते शेवटच्या रकान्यातच दिसतं. 120 पीएफमध्ये आणि 15 ईएसआयमध्ये.

पण नुसता तक्ता देऊन थांबू नका. प्रत्येक ओळीखाली एक साधं वाक्य लिहा. रक्कम कशावर काढली आणि ती कुठे जाते, एवढंच त्यात असावं. उदाहरणार्थ :

“पीएफ : मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या 12 टक्के. ही रक्कम तुमच्याच नावावर जमा होते. घरभाडे भत्त्यावर पीएफ कापलेला नाही.”

“ईएसआय : एकूण पगाराच्या 0.75 टक्के, पुढच्या पूर्ण रुपयात. यातून तुम्हाला व कुटुंबाला उपचाराची सोय मिळते.”

“व्यवसाय कर : राज्य सरकारकडे भरला जातो. फेब्रुवारीत 200 ऐवजी 300 कापले जातील.”

फेब्रुवारीची ही ओळ नक्की लिहा, नाहीतर त्या महिन्यात 100 रुपये कमी का आले म्हणून पुन्हा तोच प्रश्न येतो. आणि महिला कर्मचाऱ्याच्या पत्रात हीच ओळ कॉपी-पेस्ट करू नका. महाराष्ट्रात महिलांना 25,000 पर्यंतच्या मासिक पगारावर हा कर नाही.

दुसरी गफलत होते मालकाच्या हिश्श्यात. तुम्हीही त्याच्यासाठी 1,800 पीएफ आणि 3.25 टक्क्यांनी 618 ईएसआय भरता. बरेच जण हे आकडे त्याच तक्त्यात टाकतात आणि वर “एकूण पॅकेज 21,418” असं लिहितात. कामगार तो मोठा आकडा लक्षात ठेवतो आणि खात्यात 16,857 बघून म्हणतो, “साडेचार हजार कापले!” म्हणून हा भाग तक्त्याच्या बाहेर, खाली वेगळा लिहा : “याशिवाय कंपनी स्वतःच्या खिशातून 2,418 रुपये भरते. ही रक्कम तुमच्या पगारातून कापली जात नाही.”

तिसरी गोष्ट ईएसआयच्या मर्यादेची. ही मर्यादा दरमहा 21,000 आहे. जूनमध्ये कोणाचा पगार 20,000 वरून 22,000 केलात, तर कपात लगेच थांबत नाही. एप्रिल ते सप्टेंबर हा कालावधी संपेपर्यंत ती चालू राहते, आणि उपचाराची सोय पुढे काही काळ मिळून नंतर बंद होते. वाढीच्या आनंदात सोय जाणार हे कामगाराला कोणी सांगत नाही, आणि कळतं ते थेट दवाखान्याच्या खिडकीवर. तेव्हा पत्रातच लिहा की 30 सप्टेंबरपर्यंत कपात होईल आणि त्यानंतर थांबेल. घरचा आरोग्य विमा काढायला त्याला वेळ मिळतो.

एक सावधगिरी. वरचे आकडे एप्रिल 2024 चे आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आणि त्यात ‘वेतन’ कशाला म्हणायचं याची व्याख्या बदलली आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरचा भाग वेतनात धरला जातो. त्यामुळे मांडणी हीच ठेवा, पण टक्के कशावर काढायचे ते पत्र देण्याआधी तुमच्या पीएफ सल्लागाराकडून तपासून घ्या.

पत्र तयार झालं की सही करण्याआधी एक चाचणी करा. हिशोबाशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसाला ते वाचायला द्या आणि विचारा, “पुढच्या महिन्यात खात्यात किती येणार?” त्याने तुम्हाला न विचारता 16,857 वर बोट ठेवलं, तर पत्र द्यायला हरकत नाही.