पूर्वजांची भाषा आणि घरची भाषा

आमच्याकडचा एखादा शिक्षक परदेशी राहणाऱ्या मराठी माणसांसाठी दहा मिनिटांची चित्रफीत तयार करायला बसतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा आपल्याच गावचा प्रेक्षक असतो. खरा प्रेक्षक कोण, हे त्या देशाच्या जनगणनेचा अहवाल सांगतो. मात्र तो वाचताना आकडा मागाहून पाहावा, आधी कोष्टकाचा मथळा पाहावा. का, ते मॉरिशसच्या उदाहरणावरून पाहू.

एकोणिसाव्या शतकात कोकणातून बरीच माणसं मजुरीच्या करारावर मॉरिशसला उसाच्या मळ्यांत गेली आणि तिथंच राहिली. त्या देशाच्या २००० सालच्या जनगणनेत भाषेविषयी दोन निरनिराळे प्रश्न होते. तुमच्या पूर्वजांची भाषा कोणती? आणि तुम्ही घरी कोणती भाषा बोलता? पहिल्या प्रश्नाला ‘मराठी’ असं उत्तर देणारे १६,५८७ निघाले. दुसऱ्या प्रश्नाला तेच उत्तर देणारे निघाले अवघे १,८८८. म्हणजे ढोबळ मानाने नवांत एक! बाकीच्या बहुतेकांच्या घरी क्रेओल बोलली जाते. फ्रेंचमधून घडलेली ही तिथली लोकभाषा २०११ साली देशातल्या ८६ टक्क्यांहून अधिक लोकांची घरची भाषा होती.

आता, ज्यानं फक्त पहिला आकडा वाचला, तो साडेसोळा हजारांसाठी आपल्यासारखं भरभर मराठी बोलेल, आणि दर नवांतले आठ जण दुसऱ्या मिनिटालाच मागे पडतील. ज्यानं फक्त दुसरा वाचला, तो म्हणेल, ‘इतक्या थोड्यांसाठी कशाला खटाटोप?’ दोघंही चुकले. मराठीशी नातं सांगणारे पुष्कळ आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांना ती शाळेत किंवा सणासुदीलाच भेटते, असा या दोन आकड्यांचा एकत्रित अर्थ. घरी दोन भाषा बोलतो असं सांगणाऱ्यांची नोंद निराळ्या ओळीत असते, तीही पाहावी.

मग बदल काय करायचे? समजा, विषय आहे उसाची लागवड. ‘पर्जन्यमान’ न म्हणता ‘पाऊस’ म्हणावं. ‘पाचावर धारण बसली’ असला वाक्प्रचार गाळावा, कारण तो शब्दांच्या अर्थावरून उकलत नाही. ‘ऊस’, ‘कांडं’, ‘मूळ’ हे शब्द मात्र ठेवावेत. शब्द उच्चारताना ती वस्तू पडद्यावर असली म्हणजे झालं.

गतीचं म्हणाल, तर आपण मिनिटाला शंभरेक शब्द बोलत असू, तर इथं सत्तर धरावेत. त्यासाठी शब्द लांबवू नयेत, त्यानं उच्चार बिघडतो. वाक्य छोटं करावं आणि वाक्य संपल्यावर थांबावं. अर्थात दहा मिनिटांत हजाराऐवजी सातशेच शब्द मावतील. तेव्हा एखादा मुद्दा सोडायची तयारी हवी.

सगळ्यांत फसगत होते ती दाखल्यांत. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला. आपला मे महिना रणरणत्या उन्हाचा, तिथं तेव्हा हिवाळा तोंडावर आलेला असतो. आपल्याकडे ऊस दिवाळीच्या सुमारास कारखान्याला जाऊ लागतो. तिथली तोडणी साधारण जून ते डिसेंबर चालते. गणेशचतुर्थीची सुट्टी तिथंही आहे, पण ‘श्रावणसरी सरल्या आणि गणपती आले’ हे वाक्य तिथल्या मुलाला कोड्यासारखं वाटेल. पंचांगाऐवजी तिथल्या शेताकडे पाहून दाखला निवडावा.

हाच हिशेब सगळीकडे लावता येत नाही. अमेरिकेत जनगणना खातं दरवर्षी नमुना-पाहणी करतं. तीत पाच वर्षांवरील माणसांची घरची भाषा विचारतात, आणि ती इंग्रजीहून वेगळी असेल तर इंग्रजी कितपत बोलता येतं, तेही. तिथल्या कोष्टकात मराठीपुढे आलेला माणूस खरोखर मराठी बोलतो. त्याच्यासाठी गती कमी करायचं कारण नाही. उलट, घरी इंग्रजीच बोलणारा पण आजीचं मराठी समजणारा नातू त्या आकड्यात येतच नाही. मॉरिशसचा मोठा आकडा बोलणाऱ्यांहून जास्त माणसं दाखवतो, अमेरिकेचा समजणाऱ्यांहून कमी.

आणि अहवाल कितीही नीट वाचला, तरी कोणाला किती समजतं, हे तो सांगत नाही. त्यासाठी फीत तिथल्या पाचसहा जणांना दाखवावी आणि ‘समजलं का?’ असं न विचारता, ‘काय पाहिलंत ते तुमच्या भाषेत सांगा’ असं म्हणावं. ‘समजलं का?’ला सगळेच भिडेखातर हो म्हणतात. सांगताना जिथं तीनचार जण एकाच जागी अडखळतील, तिथला शब्द, वेग किंवा दाखला आपला चुकला, असं समजावं आणि तेवढा भाग पुन्हा लिहावा.