फसलेल्या रनची नोंद

टीम लीडनी नव्या मुलांना कळवलं: “‘रन फसला, लॉस NaN’ एवढ्यावर थांबू नका.” लॉस म्हणजे मॉडेलच्या चुकांचं माप, NaN दिसलं की तिथे आकडाच उरलेला नसतो. “कितव्या स्टेपला गेला, आधी हळूहळू चढला की एकदम उडाला, ते लिहा. fp16 मध्ये ६५५०४ पेक्षा मोठा आकडा मावत नाही, म्हणून संशय ओव्हरफ्लोवर जातो. पण तो संशय म्हणूनच लिहा. मग त्याच चेकपॉइंटपासून, तोच सीड आणि तोच डेटा ठेवून फक्त bf16 वर चालवा. तरीही त्याच स्टेपला NaN आला, तर ती बॅच उघडून बघा. लर्निंग रेट कमी करून पाहिला नसेल, तर तसंही नोंदवा.”