लांब नळीचा हिशेब

मोबाइलवर बीजीएमआय खेळणाऱ्या कुणालाही एम४१६ ला ग्रिप आणि स्कोप लावायची सवय असते. जमिनीवर पडलेलं अटॅचमेंट उचलायचं, जागा रिकामी असली तर बसवून टाकायचं. त्या खेळात बहुतेक अटॅचमेंट फायद्याचीच असल्यामुळे फार विचार करावा लागत नाही. पण ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर’ने बंदूक जुळवण्यासाठी ‘गनस्मिथ’ दिला, आणि तिथे जवळपास प्रत्येक सुट्या भागाची किंमत मोजावी लागते. एका बंदुकीवर जास्तीत जास्त पाच भाग लावता येतात.

ही किंमत बहुतेक वेळा एडीएसमध्ये वसूल होते. एडीएस म्हणजे बटण दाबल्यापासून बंदूक डोळ्यासमोर येऊन नेम तयार होईपर्यंतचा वेळ. या खेळातल्या साध्या एम४ए१ ला त्यासाठी साधारण २५० मिलिसेकंद, म्हणजे पाव सेकंद लागतो. तिच्या दोन गोळ्यांमधलं अंतर सुमारे ७४ मिलिसेकंद आहे. जवळच्या शत्रूला चार गोळ्या पुरतात, पण ठरावीक अंतरापलीकडे गोळीचा मार एकदम एक पायरी उतरतो आणि पाच गोळ्या लागतात. मार हळूहळू कमी होत नाही, पायरीनेच उतरतो, हे इथे महत्त्वाचं आहे.

लांब नळी लावली की ही पायरी थोडी पुढे सरकते आणि एडीएस वाढतो. खऱ्या बंदुकीतही नळी लांब असली की दारूच्या वायूला गोळी ढकलायला जास्त वेळ मिळतो आणि गोळी वेगाने सुटते. एम१६ ची नळी २० इंचांची आणि एम४ ची साडेचौदा इंचांची, हा फरक सैन्यालाही कळतो. पण खऱ्या गोळीचा वेग असा एकाएकी कुठल्या रेषेवर पडत नाही. पायरी ही खेळाने हिशेब सोपा ठेवण्यासाठी केलेली तडजोड आहे.

आता आकडे मांडून पाहू. समजा, पायरी २५ मीटरवर आहे, लांब नळीने ती ३० मीटरवर गेली आणि एडीएस ४० मिलिसेकंदांनी वाढला. शत्रू २८ मीटरवर आहे. आखूड नळीवाल्याला नेम धरायला २५० आणि पाच गोळ्यांना २९६, मिळून ५४६ मिलिसेकंद लागतील. लांब नळीवाल्याला २९० अधिक चार गोळ्यांचे २२२, म्हणजे ५१२. लांब नळी जिंकली. शत्रू २० मीटरवर असेल तर दोघांनाही चारच गोळ्या पुरतात, आणि आखूड नळी ४७२ विरुद्ध ५१२ ने पुढे राहते. ३५ मीटरवर दोघांनाही पाच लागतात आणि लांब नळी पुन्हा तेवढीच मागे पडते. म्हणजे पल्ला वाढवणारा हा भाग वेळेच्या दृष्टीने फक्त २५ ते ३० मीटरच्या पट्ट्यात कमावतो. वेगवान गोळीमुळे पळत्या माणसावर नेम धरणं सोपं होतं, हा फायदा वेगळा.

कोपऱ्यावर आधीच नेम धरून बसलेल्याला मात्र वाढलेला एडीएस भरावाच लागत नाही. दारातून धावत आत शिरणाऱ्याला तो प्रत्येक वेळी भरावा लागतो. म्हणून दुसऱ्याचा लोडआउट जसाच्या तसा उचलणं मला चुकीचं वाटतं. तो बसून खेळतो की पळत खेळतो, हे आधी बघावं.

ग्रिपचा हिशेब बहुतेकांना कमी लेखता येतो, आणि तोच मला सर्वांत मोलाचा वाटतो. रिकॉइलमुळे एक गोळी चुकली तर ७४ मिलिसेकंद गेले. एडीएस पंधरा-वीसने वाढवून ग्रिपने ती एक गोळी वाचवली, तर सौदा फायद्याचाच. पाच मीटरवर मात्र तशाही गोळ्या चुकत नाहीत, तिथे ग्रिप नुसतं ओझं होतं. जास्त झूमचा स्कोप उलटं करतो: एडीएस वाढवतो, आजूबाजूचं दिसणं कमी करतो, आणि तोच रिकॉइल पडद्यावर मोठा करून दाखवतो.

खेळाने हे सगळं फक्त पट्ट्यांनी आणि अधिक-उणे खुणांनी दाखवलं, आकडे दिले नाहीत. म्हणून खेळाडूंनी ते व्हिडिओवरून मोजले. सेकंदाला ६० फ्रेमचं रेकॉर्डिंग घ्यायचं आणि बटण दाबल्यापासून नेम स्थिर होईपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. एक फ्रेम जवळपास १७ मिलिसेकंदांची, त्यामुळे २५० साठी पंधरा फ्रेम भरतात. दहा मिलिसेकंदांचा फरक या पद्धतीत कधी दिसतो, कधी दिसत नाही. एकाच मोजणीवर विसंबणाऱ्यांची इथेच फसगत होते.

मार्च २०२० मध्ये आलेल्या ‘वॉरझोन’ने तराजू बदलला. तिथे तेव्हा १०० आरोग्यावर १५० चं चिलखत चढवता यायचं, त्यामुळे एक शत्रू पाडायला दुपटीहून जास्त गोळ्या लागायच्या. झुंज लांबते, तिच्यात सुरुवातीचे ४० मिलिसेकंद किरकोळ ठरतात, आणि मोकळ्या मैदानात शत्रूही दूर असतो. मूळ खेळात जड म्हणून टाकून दिलेली लांब नळी आणि पल्ला वाढवणारा मोनोलिथिक सप्रेसर तिथे बहुतेकांच्या एम४ वर बसले.