आडत वाढली, भाव काय ठेवावा?

बाजार समितीच्या आवारात माल नेणाऱ्यास पट्टी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. माल कितीचा गेला हा आकडा वर असतो, त्याखाली हमाली, तोलाई वगैरे वजाती असतात आणि हातात पडते ती तळाची रक्कम. आज ऑनलाइन बाजारात माल विकणाऱ्या लहान व्यापाऱ्यासही अशीच पट्टी मिळते, फक्त ती पडद्यावर दिसते. तीत आडतीच्या जागी कमिशन असते आणि हमालीच्या जागी माल घरपोच करण्याचा खर्च, ज्यास शिपिंग म्हणतात. हे दर बाजारचालकाने एका पत्राने वाढवले, तर विकणाऱ्याने काय करावे, एवढाच प्रश्न आज आम्ही विचारास घेतला आहे.

असे प्रसंग पुनःपुन्हा येतात. हस्तकलेच्या वस्तूंसाठी प्रसिद्ध असलेल्या एट्सी या अमेरिकी बाजाराने आपले कमिशन २०१८ मध्ये साडेतीन टक्क्यांवरून पाच टक्के केले, आणि ते शिपिंगच्या रकमेवरही लावले. एप्रिल २०२२ मध्ये तेच साडेसहा टक्के झाले, तेव्हा हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर आपली दुकाने बंद ठेवली. दर मात्र कायम राहिला. तेव्हा निषेध करायचा तो अवश्य करावा, परंतु हिशेब त्याच दिवशी मांडावा.

सोलापुरी चादरी विकणाऱ्या आमच्या परिचयातील एका गृहस्थांचे उदाहरण घेऊ. समजण्यास सोपे जावे म्हणून आकडे सरळ केले आहेत व कर बाजूला ठेवला आहे. कमिशनवर १८ टक्के जीएसटी लागतो. ज्यास त्याची वजावट मिळते त्याने तो धरू नये, ज्यास मिळत नाही त्याने तो खर्चात अवश्य धरावा.

चादरीची किंमत ८०० रुपये. मागवाल्याकडून खरेदी ४८० रुपयांस, बांधणी २० रुपये, कमिशन १२ टक्के म्हणजे ९६ रुपये, शिपिंग ८० रुपये. वजा जाता १२४ रुपये उरतात. येथेच बहुतेकांचा हिशेब थांबतो, आणि पहिली चूक येथेच होते. शंभर चादरी पाठवल्या तर दहा परत येतात. परत आलेल्या प्रत्येक चादरीवर जाण्याचे ८०, येण्याचे ८० आणि बांधणीचे २० असे १८० रुपये वाया जातात. दहांचे १,८०० रुपये. हे उरलेल्या नव्वद चादरींनीच भरायचे, म्हणजे प्रत्येकीवर २० रुपयांचा बोजा. खरी शिल्लक १०४ रुपये.

आता कमिशन १५ टक्के आणि शिपिंग ९० रुपये झाले. कमिशनचे २४ व शिपिंगचे १० मिळून ३४ रुपयांचा फटका बसला असे वरवर दिसते. परंतु परतीचा खर्चही वाढला. तो आता दर परतीस २०० रुपये, म्हणजे विकलेल्या चादरीमागे सुमारे २२ रुपये झाला. शिल्लक राहिली ६८ रुपये, आणि खरा फटका ३६ रुपयांचा. महिना नव्वद चादरी खपत असतील तर ९,३६० रुपयांची प्राप्ती ६,१२० रुपयांवर आली.

आमच्या या गृहस्थांच्या मनात प्रथम काय आले असेल? मागवाल्यास सांगावे की चादर ४४४ रुपयांस दे. बाजारचालकाने वाढवलेली आडत अशा रीतीने विणणाऱ्याच्या मजुरीतून निघते, आणि हे कोणत्याच पट्टीवर दिसत नाही. म्हणून दुसरे मार्ग आधी तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते.

भाव वाढवायचा तर किती? ३६ रुपये गेले म्हणून ८३६ करावेत, असे सहज वाटते. पण वाढीव रकमेवरही बाजारचालक १५ टक्के घेतो. ८३६ रुपयांस विकल्यास शिल्लक ९९ रुपयांच्याही आतच राहते. बरोबर रीत अशी: ज्या रकमा किमतीवर अवलंबून नाहीत त्या एकत्र कराव्यात. खरेदी ४८०, बांधणी २०, शिपिंग ९०, परतीचा बोजा २२ आणि आपल्याला हवे असलेले १०४ मिळून ७१६ होतात. शंभरातील १५ बाजारचालकाचे, म्हणून आपल्या हाती येणार ८५. ७१६ ला ०.८५ ने भागले की ८४२ रुपये येतात. येथे बेरीज नव्हे, भागाकार करावा लागतो.

पण भाव वाढवला तर गिऱ्हाईक जाईल, ही भीती असतेच. ती मोजून पाहावी. भाव तोच ठेवला तर ६,१२० रुपये मिळतात. ८४२ रुपयांस विकून तेवढेच मिळवण्यास ५९ चादरी पुरतात. म्हणजे नव्वदांपैकी एकतीस गिऱ्हाइके गेली तरी तोट्याची सोसणी आणि भाववाढ यांचा निकाल सारखाच लागतो. शिल्लक जितकी बारीक, तितकी खपातील घट अधिक सोसवते, हे प्रथम ऐकताना खरे वाटत नाही.

यास दोन मर्यादा आहेत. तीच चादर आणखी वीसजण त्याच पानावर विकत असतील, तर चाळीस रुपयांच्या फरकाने खप एकतीसने नव्हे, जवळजवळ सगळाच जातो. अशा मालावर भाव वाढवू नये. सोसता येईल तोवर सोसावे, नाहीतर तो माल तेथून काढावा. दुसरे, पुष्कळ बाजारांत किमतीच्या टप्प्यांनुसार शुल्क बदलते. नवा भाव पुढच्या टप्प्यात जातो काय, हे दरपत्रकात आधी पाहावे.

तिसरा मार्ग बाजार बदलण्याचा. ‘आपणच थेट विकू, कमिशन वाचेल,’ असे म्हणणे सोपे. ८०० रुपयांच्या थेट विक्रीत एकट्या पार्सलास कुरियर १२० रुपये घेतो, कारण मोठ्या बाजाराचा सवलतीचा दर आपल्याला मिळत नाही. पैसे स्वीकारण्याचे शुल्क दोन टक्क्यांनी १६ रुपये. खरेदी आणि बांधणी धरून उरतात १६४ रुपये. परती सोडल्या तरी नवे गिऱ्हाईक जाहिरातीने आणावे लागते. त्यास माणशी १३० रुपये पडले तर हाती ३४ रुपयेच येतात. बाजारातील ६८ त्याहून बरे. परंतु जे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आपण होऊन येते त्यास जाहिरात लागत नाही, आणि तेथे पूर्ण १६४ मिळतात. म्हणून थेट विक्री जुन्या ओळखीवर सुरू करावी. मात्र बाजाराच्या पार्सलात आपले कार्ड घालून त्याचे गिऱ्हाईक वळवू नये. बहुतेक बाजारांच्या नियमांत यास मनाई असते आणि खाते बंद होण्याचा धोका असतो.

आमच्या गृहस्थांनी काय केले? साध्या चादरीचा भाव तसाच ठेवला. ज्या नक्षीच्या चादरीचे हे आकडे आम्ही मांडले, ती दुसऱ्या कोणाकडे नव्हती. तिचा भाव ८४९ केला. पूर्वी तिच्या नव्वद खपत, त्या महिन्यात एकाहत्तर खपल्या. दर चादरीमागे सुमारे ११० रुपये धरता ७,८०० रुपयांच्या आसपास मिळाले. ९,३६० पूर्वीचे ते गेलेच. पण ६,१२० पेक्षा हे बरे, आणि मागवाल्याचा ४८० चा दर शाबूत राहिला. जुन्या ओळखीच्या दोन लॉजना मात्र ते आता थेट माल देतात.

एक सावधगिरी सांगून थांबतो. चादरीचा खप थंडीत वाढतो, उन्हाळ्यात घटतो. तेव्हा भाववाढीचा परिणाम मागच्या महिन्याशी नव्हे, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहावा. नाहीतर ऋतूचा दोष भावाच्या माथी बसेल आणि चांगला निर्णय घाईने फिरवला जाईल.