प्रसंगातून प्रश्न : काठीच्या ग्रामसभेचे उदाहरण

काठी (ता. अक्कलकुवा) अनुसूचित क्षेत्रात येते; म्हणून तेथील नागरिकशास्त्राचा प्रसंग १९९६ च्या पेसा कायद्यास धरूनच रचावा. उदाहरणार्थ हा कल्पित प्रसंग घ्यावा : ग्रामसभेने एका पाड्यावरील विहीर मंजूर केली, पंचायतीने मासिक सभेत ठराव करून तोच निधी दुसऱ्या पाड्यावर खर्च केला, आणि आता ग्रामसभेकडे निधी-विनियोगाचा दाखला मागितला आहे.

‘ग्रामसभा म्हणजे काय?’ हा प्रश्न येथे व्यर्थ होय. त्याचे उत्तर प्रसंग न वाचताही देता येते. त्याऐवजी ‘ग्रामसभेने दाखला द्यावा काय? का?’ असे विचारावे. योजनेस पूर्वमान्यता व खर्चाचा दाखला हे दोन्ही अधिकार ग्रामसभेचे आहेत, हे विद्यार्थ्याने प्रसंगातील तपशिलाशी जोडले तरच पूर्ण गुण द्यावेत. ‘बेकायदा ठराव’ असे शब्द मात्र प्रसंगात येऊ देऊ नयेत; त्यांतच उत्तर फुटते.