संकष्टीचा हिशेब: उपवासाने वजन घटते का?

महिन्यातून एक संकष्टी, दोन एकादश्या, कुणाचा सोमवार तर कुणाचा गुरुवार. त्यात श्रावण आणि नवरात्र मिळवले तर आपल्याकडच्या अनेक घरांत वर्षाचे साठ-सत्तर दिवस उपवासाचे होतात. तरीही त्याच घरांतली माणसे दरवर्षी किलो-दीड किलोने वाढत जातात आणि म्हणतात, ‘एवढे उपवास करूनही वजन हलत नाही.’ उपवास श्रद्धेसाठी असतो आणि त्याबद्दल इथे काहीच म्हणायचे नाही. मात्र तो वजनासाठीही उपयोगी पडतो ही समजूत फार खोलवर रुजली आहे, आणि ती आकड्यांपुढे टिकते का हे पाहायला हवे. त्यासाठी संकष्टीचा दिवस सोयीचा. उपवास आणि मेजवानी दोन्ही एकाच तारखेला येतात, त्यामुळे हिशेब स्वच्छ मांडता येतो.

‘दिवसभर उपवास म्हणजे दिवसभर कमी खाणे’

पंचेचाळिशीची, घरकाम आणि बैठी नोकरी करणारी एक गृहिणी डोळ्यांसमोर आणू. तिचा साधा दिवस असा: दोन वेळचा दूध-साखरेचा चहा (160 कॅलरी), सकाळी पोहे (300), दुपारी दोन पोळ्या, भाजी, वरण आणि वाटीभर भात (550), संध्याकाळी काहीतरी चटकमटक (190), रात्री पुन्हा दुपारसारखेच जेवण (550). बेरीज 1750. तिचे वजन स्थिर आहे, म्हणजे तिच्या शरीराचा रोजचा खर्चही साधारण तेवढाच आहे.

आता संकष्टी. सकाळी चहा आणि एक केळे, म्हणजे 180. दुपारी खिचडीची एक बशी. तिच्यात सत्तर ग्रॅम कोरडा साबुदाणा (245), पंचवीस ग्रॅम दाण्याचे कूट (140), दोन चमचे तूप (90) आणि अर्धा बटाटा (40) धरा. झाल्या 515. चारच्या चहासोबत मूठभर उपवासाचा बटाट्याचा चिवडा आला, तर चहाचे 80 आणि चिवड्याचे 215. संध्याकाळपर्यंत एकूण 990. रोजच्या दिवशी याच वेळेपर्यंत तिने 1200 कॅलरी खाल्लेल्या असतात. म्हणजे दिवसभर पोळी-भात-भाजीचा त्याग करून वाचल्या फक्त 210.

खिचडीची बशी आणि दुपारचे जेवण यांत फरक केवळ पस्तीस कॅलरींचा आहे, हे लक्षात घ्या. मोठा फरक दुसरीकडे आहे. पोळी, वरण, भाजी आणि भात मिळून पंधरा-सोळा ग्रॅम प्रथिने देतात आणि चांगला तंतूही देतात. साबुदाणा मात्र कसाव्याच्या कंदातून काढलेला जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, आणि प्रथिने अर्धा ग्रॅमही नाहीत. खिचडीत जी काही सात-आठ ग्रॅम प्रथिने असतात ती जवळजवळ सगळी दाण्याच्या कुटाची. प्रथिने आणि तंतू कमी पडले की पोट भरल्याची भावना लवकर ओसरते. चारच्या सुमारास लागणारी ती सैरभैर भूक आणि चिवड्याकडे जाणारा हात यांचे मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बटाटा, शेंगदाणा, मिरची, रताळे, राजगिरा आणि साबुदाण्याचा कसावा, ही सगळी पिके मूळची अमेरिका खंडातली. समुद्रमार्गे आल्यानंतरच ती आपल्या ताटात शिरली. फराळाचे आजचे रूप फार प्राचीन नाही, तेव्हा ते थोडे बदलले तर परंपरेला धक्का लागतो असे मला वाटत नाही.

चंद्रोदयानंतर

रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास चंद्र दिसतो, आरती होते आणि ताट वाढले जाते. दीड वाटी भात, त्यावर वरण आणि दोन चमचे तूप (410), बटाट्याची भाजी (150), तीन उकडीचे मोदक (450) आणि मोदकांवर चमचाभर तूप (45). बेरीज 1055. एरवीच्या रात्रीपेक्षा 505 जास्त.

दिवसभरात वाचल्या 210, रात्री वाढल्या 505. संकष्टीच्या उपवासाने तिच्या खात्यात जवळजवळ 300 कॅलरींची भर पडली. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ असे आपल्याकडे गमतीने म्हणतात. प्रत्यक्षात दुप्पट खावेच लागत नाही. दिवसाची बचत आधीच इतकी किरकोळ असते की रात्रीचे दोन मोदकही ती पुसून टाकतात.

तरी भरही माफकच आहे. एक किलो चरबीमागे सुमारे 7700 कॅलरी धरतात. वर्षाच्या बारा संकष्ट्यांच्या 3600 कॅलरी म्हणजे अर्ध्या किलोच्या आत. पण हाच साचा सोमवार, एकादशी आणि नवरात्रात गिरवला गेला की वर्षाला दोन किलोंपर्यंतची गोष्ट होते. प्रत्यक्षात आकडा याहून थोडा खाली राहतो, कारण वजन वाढले की शरीराचा खर्चही जरासा वाढतो. पण दिशा वाढीचीच राहते.

सणासुदीचे वाढलेले वजन पुढे आपोआप उतरते, हीही एक समजूत आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी 2000 साली 195 प्रौढांची नोंद प्रसिद्ध केली. तिथल्या नोव्हेंबर ते जानेवारीच्या सणांत सरासरी वाढ फक्त 370 ग्रॅम होती. काळजीची बाब पुढे दिसली: पुढच्या महिन्यांत ती वाढ उतरली नाही. तिथला सण वेगळा, ताट वेगळे. पण थोडे थोडे वाढणारे वजन कायम कसे होते हे समजायला ही नोंद पुरेशी आहे.

‘पण काट्यावर किलोभर कमी दिसले होते’

हे खोटे नसते. ज्यांनी फराळही टाळून केवळ पाणी, ताक किंवा एखादे फळ घेतले, त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी काटा खरोखर खाली दिसतो. प्रश्न असा आहे की कमी काय झाले.

पूर्ण चोवीस तास काही खाल्ले नाही, तरी आपल्या गृहिणीची तूट 1750 कॅलरींची होईल. ती सगळी चरबीतून भरली गेली असे मानले तरी चरबी फार तर 230 ग्रॅम कमी होईल. काटा किलोभर खाली गेला असेल तर उरलेले पाऊण किलो चरबी नव्हेच. त्यात आतड्यात नेहमी असणारे अन्न आहे आणि पाणी आहे. यकृत आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो, प्रौढ माणसात एकूण चार-पाचशे ग्रॅम. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. उपाशीपोटी हा साठा खर्च झाला की ते पाणीही निघून जाते. अळणी उपवास करणाऱ्यांच्या शरीरातले मीठ घटते आणि त्यासोबत आणखी पाणी जाते. पारण्याला भात, गोड आणि खारे पोटात गेले की हे सगळे दोन दिवसांत परत येते. त्यामुळे उपवासाच्या दुसऱ्या दिवशीचा घटलेला आकडा आणि मेजवानीच्या दुसऱ्या दिवशीचा वाढलेला आकडा, दोन्हींवर विश्वास ठेवू नये. सैंधव मिठाने हा फरक पडत नाही असेही अनेकांना वाटते. पण सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे.

खिचडी, बटाटा, केळे आणि साखरेचा चहा घेणाऱ्यांच्या शरीरात तर ग्लायकोजेनचा साठा फारसा उतरतच नाही, कारण फराळाचा बहुतांश भाग पिष्ट आणि साखर हाच असतो. त्यांना हे तात्पुरते पाणीही कमी झालेले दिसत नाही.

खरे काय घडते ते पाहायचे असेल तर आठवड्यातून तीन-चार दिवस सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करावे. सरासरी काढून ती महिनाभरापूर्वीच्या सरासरीशी ताडून पाहावी. बेंबीच्या पातळीवर कमरेचे माप महिन्यातून एकदा घ्यावे. पाण्याची चढउतार त्यात फारशी मिसळत नाही.

‘एक दिवस उपाशी राहिले की चयापचय मंदावते’

हा उलट्या बाजूचा गैरसमज, आणि तो बहुतेक व्यायामशाळांतून पसरतो. एक-दोन दिवसांच्या उपवासात शरीराचा विश्रांतीतला खर्च घटत नाही. काही मोजणींत तो किंचित वाढलेलाच आढळला आहे. तो घटतो आठवडेच्या आठवडे कमी खाल्ल्यावर आणि वजन उतरल्यावर.

दुसऱ्या दिवशी माणूस सगळे भरून काढतो, हेही पूर्ण खरे नाही. स्कॉटलंडमध्ये ऍबर्डीनच्या रोवेट संस्थेत 2002 साली निरोगी स्त्री-पुरुषांना 36 तास अन्नावाचून ठेवून नंतर हवे तेवढे खाऊ दिले. त्यांनी नेहमीपेक्षा सुमारे 20 टक्के जास्त खाल्ले. म्हणजे गमावलेल्यातला बराच मोठा भाग भरून आला नाही. मग निर्जळी किंवा फळांवरचा उपवास वजनाला उपयोगी म्हणायचा का? थोडासा, हो. पण त्या प्रयोगात दुसऱ्या दिवशी पुरणपोळी नव्हती, आग्रह नव्हता आणि ‘काल काही खाल्ले नाहीस’ असे म्हणत ताटात तूप सोडणारे कुणी नव्हते. शरीराची भूक वीस टक्क्यांवर थांबली, तरी पारण्याचे ताट तिथे थांबत नाही.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र यातले काहीही स्वतःच्या मनाने करू नये. दिवसभर उपाशी राहून गोळी घेतली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि रात्रीच्या मोदकांनी ती एकदम वर जाते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे दिसताच उपवास मोडून लगेच साखर घ्यावी. औषधाच्या वेळा आणि मात्रा उपवासाच्या आधीच डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात.

मोदक तसेच ठेवून

हिशेबात मोदकांना बदनाम करण्याची गरज नाही. वरचे आकडे नीट पाहिले तर बदलायला सर्वांत सोपी जागा दुपारची आहे, रात्रीची नव्हे. खिचडीऐवजी पन्नास ग्रॅम वरीच्या तांदळांची भगर (170), सोबत वीस ग्रॅम दाण्यांची आमटी चमचाभर तुपासह (160) आणि दह्यातली काकडीची कोशिंबीर (60) घेतली, तर जेवण 390 मध्ये होते आणि प्रथिनेही खिचडीपेक्षा जास्त मिळतात. चारला चहा-चिवड्याऐवजी ताक आणि एक पेरू, म्हणजे शंभर. सकाळचा चहा आणि केळे तसेच. संध्याकाळपर्यंत 670. रात्रीचे ताट भात, वरण, तूप, तीन मोदकांसह जसेच्या तसे 1055.

बेरीज 1725, म्हणजे एरवीच्या दिवसाइतकीच. संकष्टी झाली, नैवेद्य झाला, वजन होते तिथेच राहिले. ते उतरवायचे असेल तर रात्रीची बटाट्याची भाजी बदलून दुधी किंवा भेंडी करावी आणि भात एक वाटीवर आणावा. दीडशेच्या आसपास कॅलरी तिथे सुटतात, आणि वर्षभराच्या सगळ्या उपवासांत हाच बदल टिकला तर काटा महिन्यांच्या सरासरीत किलोभर खाली येऊ शकतो.